गिरजाबाईंचा परस्पर कागद

वरसे गावच्या गिरजाबाई रोह्याजवळच्या एका रंगरसायनांच्या कारखान्यात तेवीस वर्षं कॅन्टीन चालवत होत्या. लागल्या तेव्हा भांडी घासायला लागल्या. मग चपात्यांवर आल्या, आणि मुख्य आचारी काम सोडून गुजरातेत गेला त्या दिवशी कुणाला न विचारता मोठ्या पातेल्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्या तिथून हलल्या नाहीत. कंपनीनेही दोन वर्षांनी त्यांचं पद कागदावर बदललं, कारण बदललं नसतं तरी स्वयंपाक त्याच करणार होत्या. वालाचं बिरडं असेल त्या दिवशी सुट्टीवरची माणसं काहीतरी निमित्त काढून कारखान्यात डोकावायची. कामगारांवर त्यांचा दरारा होता. ताटात अन्न टाकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच्या हाताने अर्धीच वाटी वाढायच्या.

असं सगळं सुरळीत असताना एका सोमवारी कमळाकर साहेबांनी त्यांना ऑफिसात बोलावलं. कमळाकर हा पेणचा, रोज गाडीने येणारा, कामगारांचे कागद सांभाळणारा अधिकारी. माणूस सरळ होता, पण वाईट बातमी सांगायची म्हटली की त्याला शुद्ध मराठी फुटायची.

कंपनीने कॅन्टीन पनवेलच्या एका ठेकेदाराला द्यायचं ठरवलंय, असं त्याने सांगितलं. गिरजाबाईंना काढत नाहीत, त्यांनी राजीनामाही द्यायचा नाही, दोघांनी बसून अटी ठरवायच्या आणि चांगल्या मनाने वेगळं व्हायचं. मग त्याने इंग्रजीतला चार पानी मसुदा पुढे सरकवला आणि म्हणाला, "याला परस्पर संमतीने सेवासमाप्ती म्हणतात."

गिरजाबाई पहिल्याच शब्दावर अडल्या. त्यांच्या उभ्या आयुष्यात 'परस्पर' या शब्दाचा एकच अर्थ होता. दिराने परस्पर बैल विकला, सरपंचाने परस्पर रस्ता वळवला.

"परस्पर म्हंजे मला न इचारताच ना?" त्या म्हणाल्या. "मग संमती कोनाची?"

कमळाकरने तो शब्द तीन तऱ्हांनी समजावून सांगितला. दोघांची एकमेकांशी संमती, असा त्याचा अर्थ. गिरजाबाईंना अर्थ पटला, शब्द पटला नाही. सही आज नको, आठ दिवस घ्या, कुणाला दाखवायचं त्याला दाखवा, असं त्याने स्वतःहूनच सांगितलं. त्यामुळे त्यांचा राग थोडा उतरला आणि कागद पिशवीत घालून त्या थेट नूरमहंमदकडे गेल्या.

नूरमहंमद कारखान्याच्या स्टोअरचा माणूस. तरुणपणी पाच वर्षं कुवेतला होता. तिथल्या मालकाने निघताना त्याच्यापुढे अरबी कागद ठेवला आणि याने घरी जायच्या आनंदात सही ठोकली. विमानात शेजारच्या माणसाने वाचून दाखवलं, तेव्हा कळलं की आपण राजीखुशीने काम सोडलंय आणि आपला सगळा हिशोब पोचलाय. पोचला काहीच नव्हता. त्या दिवसापासून नूरमहंमद साबणाच्या वडीवरचा मजकूरसुद्धा वाचल्याशिवाय सोडत नसे.

दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत त्याने तो मसुदा ओळीओळीने वाचून मराठीत सांगितला. शेवटचा दिवस महिनाअखेर. नोटिशीच्या काळाचा पगार, शिल्लक रजांचे पैसे, आणि त्यावर कंपनी खुशीने देणार तो सहा महिन्यांचा पगार. ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी वेगळे. ते कायद्याने मिळायचेच, ते कुणी सोडतो म्हटलं तरी सुटत नाहीत. इथपर्यंत ठीक होतं. मग सातवं कलम आलं, आणि त्यानंतर नववं. नूरमहंमदने चष्मा पुसला. गिरजाबाईंनी पदर खोचला.

पुढच्या सोमवारी तिघे कमळाकरच्या केबिनमध्ये बसले.

सातवं कलम असं होतं, की नोकरीच्या काळात वापरलेली किंवा तयार केलेली कोणतीही कृती, मिश्रण वा पद्धत ही कंपनीची मालमत्ता राहील आणि कर्मचारी ती बाहेर कुणाला सांगणार नाही. मुख्य कार्यालयात रसायनं बनवणाऱ्यांसाठी केलेला नमुना होता, तोच कुणीतरी नाव बदलून पाठवला होता.

"माझं बिरडं कंपनीचं?" गिरजाबाईंनी विचारलं.

कमळाकरने कलम पुन्हा वाचलं. कागदाप्रमाणे होतं खरं. बिरडं, आमटी, गुरुवारची साबुदाण्याची खिचडी, सगळं कंपनीच्या तिजोरीत गेलं होतं आणि गिरजाबाईंना स्वतःच्या सुनेलाही वालाला फोडणी कशाची ते सांगता येणार नव्हतं. त्याने त्या कलमावर आडवी रेघ मारली.

नववं कलम दाव्यांचं होतं. ठरलेली रक्कम मिळाल्यावर माझा कंपनीवर कसलाही हक्क, मागणी वा तक्रार राहिली नाही आणि पुढे मी तसा दावा करणार नाही, असं गिरजाबाईंनी लिहून द्यायचं. नूरमहंमदची पहिली हरकत अशी की सही आज आणि पैसे मागाहून, तर मधल्या काळात दावा सोडायचा नाही. रक्कम खात्यात जमा झाली की त्या दिवसापासून दावा सुटला, असं लिहा. कमळाकरने ते लिहून घेतलं.

"आणि कंपनीचं काय?" गिरजाबाई म्हणाल्या. "मी सोडते म्हनून लिव्हलंय. कंपनी सोडते म्हनून कुठं हाय? हे तर एकाच अंगाचं परस्पर झालं."

कमळाकर म्हणाला की कंपनीचा तुमच्यावर काय दावा असणार, तुम्ही आयुष्यभर जेवण रांधलंत. पण गिरजाबाईंना मोरूचं प्रकरण आठवत होतं. कॅन्टीनचा मोरू सोडून गेल्यावर तीन महिन्यांनी त्याच्या घरी दोन गॅस सिलिंडर कुठे गेले अशी नोटीस गेली होती. सिलिंडर पुढे गोदामाच्या मागे सापडले, पण तोवर मोरूची सासुरवाडी तुटायची वेळ आली होती. गिरजाबाईंना कसलं भय नव्हतं, पण चोर म्हणून कागद दारात येण्याचं होतं. म्हणून त्यांनी ठरवलं होतं, सगळं सांगून टाकायचं.

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. पातेल्याची खरड आणि उरलेला भात त्या रोज घरी नेत आल्या होत्या, म्हशीसाठी. म्हशी या काळात तीन झाल्या. दिवाळीला खोबऱ्याचा कीस उरायचा तो नेला. एकदा एक झारा नेला, तो परत आणलेला नाही, पण तो तसाही वाकडा होता. कमळाकर हात वर करून थांबवत होता. हे तुम्ही मला सांगितलंच नाही असं आपण धरू, असं तो म्हणत होता. त्या थांबत नव्हत्या.

"आणि पुराच्या साली दोन पोती तांदूळ," त्या म्हणाल्या.

नूरमहंमदला जोराचा खोकला आला.

त्या साली कुंडलिका नदीचं पाणी वस्तीत शिरलं होतं आणि घरं सोडून माणसं शाळेत येऊन बसली होती. गिरजाबाईंनी स्टोअरमधून दोन पोती उचलून तीन दिवस शाळेत चूल पेटती ठेवली. स्टोअरच्या वहीत मात्र ती पोती भिजून खराब झाली असं लिहिलेलं होतं, आणि अक्षर नूरमहंमदचं होतं. टेबलाखालून त्याने गिरजाबाईंच्या पायाला पाय लावला. त्यांनी पाय बाजूला घेतला आणि "हे बी लिव्हतानी यांचं नाव नको," असं सांगून जे कुणाला कळलं नव्हतं तेही कळवलं.

कमळाकरने पेन खाली ठेवलं. त्याचा चेहरा बघून नूरमहंमद घाबरला. आपल्या नोकरीचा आणि गिरजाबाईंच्या पैशांचा प्रश्न या खोलीत उभा आहे, असं त्याला वाटलं. कमळाकर खुर्चीतून उठला, दार लावून आला आणि हळूच म्हणाला, "त्या शाळेत मी पण होतो, मावशी. गाड्या बंद पडल्या होत्या. तीन दिवस जेवलो. दोनदा तर मागून घेतलं."

"आठवतंय," गिरजाबाई म्हणाल्या. "मीठ जास्त झालं म्हनाला होतात."

आता त्या तांदळाचा दावा ज्याच्यावर लागणार नाही असं त्या केबिनमध्ये कुणी उरलं नाही. कमळाकरने बराच विचार करून एक वाक्य लिहिलं. कॅन्टीनमधील धान्य, शिधा, उरलेलं अन्न व साहित्य यांच्या वापराबाबत कंपनीची आजअखेर कर्मचाऱ्याविरुद्ध कोणतीही मागणी वा तक्रार नाही आणि पुढे राहणार नाही. गिरजाबाईंनी ते तीनदा वाचून घेतलं. झारा 'साहित्यात' येतो का, हेही विचारून घेतलं.

मसुदा मुंबईच्या मुख्य कार्यालयात गेला. चार दिवसांनी तिथून प्रश्न आला, की हे वाक्य घालण्याचं कारण काय. कमळाकरने एका ओळीत उत्तर दिलं: कर्मचारी स्वयंपाकी असल्यामुळे. वकिलाला ते पटलं असावं, कारण मंजुरी आली.

सह्या महिनाअखेरीस झाल्या. कागदाच्या दोन प्रती, एक कंपनीची, एक गिरजाबाईंची, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, शेवटी साक्षीदार दोन. मजकूर मराठीत वाचून समजावला, असा शेराही होता. गिरजाबाई सही करायच्या म्हणजे एकेक अक्षर रांगोळीसारखं काढायच्या. चौथ्या पानावर 'बा'चा काना विसरला आणि कमळाकरला ते पान पुन्हा छापावं लागलं. नूरमहंमदने स्टोअरचा 'काही येणं नाही' असा दाखला दिला तेव्हा वहीकडे बघायचं टाळलं, पण सही सुबक आली. ओळखपत्र, कपाटाची किल्ली आणि कंपनीचे दोन ॲप्रन त्यांनी परत केले. कामाचा दाखला घेतला, त्यात 'वर्तणूक चांगली' होतं. फार चांगली का नाही, असं त्यांनी विचारलं. कमळाकरने तेही बदललं.

निघताना मात्र त्यांना रडू आलं. ते त्यांनी कांद्यावर ढकललं, आणि कांदा तिथे कुठेच नव्हता हे कुणी बोलून दाखवलं नाही.

पैसे नवव्या दिवशी जमा झाले. नूरमहंमदने पासबुक बघून सांगितलं की आता दावा सुटला. गिरजाबाईंना वाटलं होतं काहीतरी हलकं वाटेल. पण त्या दिवशी त्यांनी सवयीने चाळीस माणसांचे वाल भिजत घातले. मग अर्ध्या वरसे गावात बिरडं वाटत फिरल्या.

तीन आठवड्यांनी पनवेलचा ठेकेदार स्वतः त्यांच्या ओट्यावर आला. त्याच्या कॅन्टीनमधलं जेवण कामगारांनी दोनदा जसंच्या तसं परत पाठवलं होतं. उद्यापासून या, असं तो म्हणत होता, पगार तोंडी सांगत होता आणि कागदाचं मागाहून बघू म्हणत होता. गिरजाबाईंनी त्याला चहा दिला, बसायला पाट दिला आणि आतून आपला चार पानी कागद आणून त्याच्यापुढे ठेवला.

"आत यायचं मागनं बघू," त्या म्हणाल्या. "आधी भायेर जायचं कसं ते लिव्हा."

ठेकेदाराने चहा संपवला आणि कागद वाचायला घेतला. वाचता वाचता त्याला आणखी एक कप लागला. संध्याकाळी त्याने पेणच्या गाडीत कमळाकरला गाठून विचारलं की ही बाई वकील आहे का.