बंद बाथरूममधलं अभ्यंगस्नान

नरकचतुर्दशीला उजाडायच्या आत सगळ्यांची अभ्यंगस्नानं उरकायची, हा आमच्या मयूर विहारच्या फ्लॅटमधला सासूबाईंचा दंडक. त्या वर्षी बाहेर धुरकं इतकं होतं, की नवऱ्याने बाथरूमची खिडकी आणि एक्झॉस्ट फॅनचं भोक टेप लावून बंद केलं होतं. गॅस गीझर आतच. आधी सासूबाई, मग नवरा, मग लेक. एकापाठोपाठ एक आंघोळी, गीझरला उसंत नाही.

सासूबाई डोकं धरून बसल्या, म्हणाल्या पित्त चढलंय. नवऱ्याचंही डोकं ठणकत होतं. त्याने झोपेला दोष दिला. मी चकल्या ताटात मांडत होते. आत पाणी वाहत होतं, पण लेकीचा काहीच आवाज नव्हता. हाक मारली, दार वाजवलं, उत्तर नाही.

नवऱ्याच्या दोन धक्क्यांत कडी निखळली. लेक फरशीवर पडलेली, अंगाला अजून उटणं. मी श्वास रोखून गीझर बंद केला आणि दोघांनी तिला टॉवेलात गुंडाळून बाल्कनीत ओढत आणलं. जी हवा घरात शिरू नये म्हणून एवढा आटापिटा केला, तीच आता तिला हवी होती. ती ओकली. मग पुटपुटली, "आई, डोकं फुटतंय."

नवऱ्याने कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर तिच्या बोटाला लावला. नव्व्याण्णव.

"बिल्कुल नॉर्मल आहे यार. उपाशीपोटी चक्कर आली असेल. झोपू दे तिला."

माझं डोकंच फिरलं. "तिघांची डोकी एकाच सकाळी दुखतात? गाडी काढ. आई, तुम्हीपण चला."

गाडीच्या काचा उघड्या ठेवून निघालो. मागच्या सीटवर मी तिला सारखी हलवत होते, झोपू देत नव्हते. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

इमर्जन्सीतल्या डॉक्टरणीने पहिलंच विचारलं, "बाथरूम में गैस गीज़र है?" तिने लगेच मास्क लावून ऑक्सिजन सुरू केला आणि आम्हा सगळ्यांचं रक्त तपासायला घेतलं. तिने सांगितलं, कोंडलेल्या जागेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. आणि बोटावरचं ते यंत्र त्यालाच ऑक्सिजन समजतं. "सुला देते, तो शायद उठती नहीं," ती म्हणाली. नवरा भिंतीला टेकून खाली बसला.

आता गीझर उघड्या बाल्कनीत आहे, गरम पाणी पाइपने आत येतं. खिडकी कितीही धुरकं असलं तरी उघडी. कार्बन मोनॉक्साइडची चाहूल लागली की वाजणारा अलार्मही आणलाय.

लेक बरी आहे. आंघोळीला गेली, की सांगावं न लागता तीच मधूनमधून आतून ओरडते, "आई, जिवंत आहे गं." ती हसत म्हणते. मला अजून हसता येत नाही. मी फक्त "बरं" म्हणते आणि पुढच्या हाकेची वाट बघत दाराशी उभी राहते.