तिसऱ्या टेबलावरचे ऊन

घरी तिला तंद्री म्हणत. भाजी चिरताना सुरी हवेतच थांबवून ती भिंतीवरच्या कवडशाकडे पाहत राही आणि आई म्हणे, "अगं, बोटं शाबूत ठेव. नकाशे काढायचेत ना तुला?"

वास्तुरचनेची पदवी हाती येताच तिने एकाच कार्यालयाकडे अर्ज धाडला. तेथे माणसे अवघी तीन. परंतु त्यांनी बांधलेल्या शाळेच्या जिन्यात ती एकदा दुपारभर उजेड पाहत नुसती बसली होती. असा उजेड घडवणाऱ्यांकडेच शिकावे, एवढीच तिची मनीषा. पत्रात तिने लिहिले होते :

'शेवटच्या वर्षी मी लहानसे वाचनालय रेखाटले. त्याची पुठ्ठ्याची प्रतिकृती गच्चीवर उन्हात ठेवून खिडक्यांची उंची ठरवली. कलत्या दुपारी ऊन एकेक टेबल ओलांडत आत सरकते. तिसऱ्या टेबलाला ते शिवले, की वाचणाऱ्याने दिवस कलल्याचे ओळखावे. रेखाटने माझी आहेत. प्रतिकृती मैत्रिणीच्या मदतीने केली. निवडक कामाची पुस्तिका सोबत जोडली आहे.'

बोलावणे आले : प्रतिकृती घेऊन दुपारी या.

कार्यालयाच्या प्रमुख बाईंनी पुस्तिका उघडून तिच्यापुढे सरकवली. "पत्र छान आहे. पण आराखड्यात खिडक्या उत्तरेला दिसताहेत. तिथून हे कलतं ऊन कसं आणलंत?"

"स्वप्नात पडलं असेल, बाई," शेजारच्या मेजावरील सहकारी मान वर न करता म्हणाला.

तिने पान जवळ ओढून पाहिले. लांबट आराखडा उभ्या पानात बसावा म्हणून तिने तो उजवीकडे वळवला होता. उत्तर दाखवणारा बाण मात्र सवयीने सरळ वरच रोखलेला राहिला होता.

"आराखडा वळवला, बाण वळवायचा राहिला. खिडक्या पश्चिमेलाच आहेत, बाई."

"आता कुणीही असंच म्हणेल," बाई म्हणाल्या.

"गच्ची आहे का इथे?" तिने हळूच विचारले.

गच्चीवर तिने प्रतिकृती कठड्यावर ठेवली, खिडक्यांची बाजू पश्चिमेला कललेल्या सूर्याकडे केली आणि छप्पर अलगद उचलून आतली टेबले दाखवून पुन्हा बसवले. मग तिघेही प्रतिकृतीच्या दारातून आत पाहत राहिले. वारा पडला होता. ऊन पहिल्या टेबलावर पसरले होते. जणू कोणी अदृश्य वाचक पाने उलटीत पुढे सरकत असावा, तसे ते दुसऱ्यावर गेले. सहकाऱ्याने आणलेला चहा कठड्यावर निवत राहिला. अखेर एक सोनेरी धार तिसऱ्या टेबलाच्या कडेला लागली.

"आईशप्पथ!" सहकारी पुटपुटला.

बाई सरळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "सोमवारपासून या. पहिलं काम, आपल्या सगळ्या आराखड्यांवरचे बाण तपासायचे."



"अहो, बाई तुमच्याशी बोलताहेत!" सहकारी हसत म्हणाला.

ती दारातून आत पाहतच होती. ऊन आता संपूर्ण टेबलावर पसरले होते.