अलीझाचा नंबर सहा

निखतने पदवी काढली ती नोकरीसाठी, आणि पदवीच्या अटीवरचा तिचा राग त्यानंतर कधीच गेला नाही.

अकोल्याच्या एमआयडीसीत खुशालराव यांचं ठिबक सिंचनाच्या सामानाचं गोदाम आहे. तिथे ती मदतनीस म्हणून लागली, आणि कोणत्या खोक्यात काय आहे हे डोळे मिटून सांगू लागली. पण गोदामप्रमुखाची जागा निघाली तेव्हा मालक म्हणाले, "निखतबाई, तुमचं काम मले पटते, पण ग्रॅज्युएट पायजे." मग मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरला. शेवटच्या वर्षाचा पेपर अमरावतीच्या केंद्रावर होता, आणि नेमका त्याच दिवशी धाकट्या बहिणीचा, अलीझाचा निकाह. निखत पेपरला गेली. जागा मिळाली, पण अलीझाच्या मनात जे मोडलं ते तसंच राहिलं. ईदला शीरखुर्म्याची वाटी पुढे सरकवायची, बाकी बोलणं तोंडदेखलं.

म्हणून पुढे काउंटरवर माणूस घ्यायचा ठरला तेव्हा निखतने मालकांची पाठ सोडली नाही. "भाऊ, या कामाले डिग्री काहून पायजे? शेतकरी काय मागते ते समजावं, बरोबर सामान काढून द्यावं, झालं. बिल करणारा तं येगळाच आहे. पाहून घ्या, परीक्षा घ्या." खुशालराव शेवटी कंटाळून 'हो' म्हणाले. जाहिरातीतून पदवीची अट गेली. निखतने अलीझाला फोन केला.

अलीझा दहावी झालेली, तीही उर्दू माध्यमातून. पण पातूरला नवऱ्याचं ठिबकचं छोटं दुकान तिनेच चालवलं होतं. ते बंद पडल्यापासून ती घरी बसली होती. "खरंच डिग्री लागत नाई?" तिने दोनदा विचारलं. आवाजात कित्येक वर्षांनी बहीण ऐकू आली. निखतला रडू आलं.

परीक्षा निखतने मन लावून बसवली. सगळ्यांना तीच मागणीची चिठ्ठी, तोच रॅक, तितकाच वेळ. गुण कशाला किती हे आधीच लिहून ठेवलं. उमेदवारांना नंबर दिले आणि सामान तपासायला दुसऱ्या शाखेचा अमोल बोलावला, म्हणजे बहिणीचा पक्ष घेतला असं कोणी म्हणायला नको. चिठ्ठ्या तिने कंपनीच्या कॅटलॉगवरून उतरवल्या, इंग्रजीत, कोड नंबरासकट. तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. तिचं गोदाम असंच बोलायचं.

अलीझाचा नंबर सहा. चिठ्ठी हातात घेऊन ती रॅकसमोर उभीच राहिली. नळी, रबर, बूच, कॉक तिला हाताच्या स्पर्शाने ओळखू येत होते. कागदावर त्यातलं एकही नाव नव्हतं. अंदाजाने चार वस्तू काढल्या, तीन चुकल्या. पहिली आली ती बी.कॉम. झालेली आचल. तिने प्रामाणिकपणे काम केलं होतं, तिच्यावर राग धरायला जागाच नव्हती.

निकाल भिंतीवर लागल्यावर अलीझा निखतच्या टेबलापाशी आली.

"आपा, एक सांग. काउंटरवर कोन शेतकरी असा कागद घेऊन येते?"

निखतने टेबलावरची ती चिठ्ठी पुन्हा वाचली. कोणीच येत नाही. माणूस येतो आणि म्हणतो, बाई, नळीचं बूच द्या. एवढी साधी गोष्ट. आठ वर्षं आत गोदामात कोड नंबर वाचत बसून ती ही गोष्ट विसरली होती.

"तू डिग्रीची अट काढली नाई आपा," अलीझा म्हणाली, "तिलेच परीक्षा म्हनून आत बसोली."

निखत तशीच उठून मालकांकडे गेली. "भाऊ, चूक माही आहे. परीक्षा कामाची नव्हती, कागद वाचायची होती. पुन्हा घ्या. तोंडी मागणी करा, आपल्या बोलीत. सगळ्यांचीच घ्या."

"निकाल लागला ना? आता बहिणीसाठी बदलला तं लोक काय म्हनतील?" खुशालराव म्हणाले. "पुढच्या वेळी करा तुमच्या मनासारखी." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून जास्तच जिव्हारी लागलं. सांगायचं ते परीक्षेच्या आधी सांगायला हवं होतं.

पुढच्या वेळी परीक्षा बदलली. अमोल शेतकरी होऊन काउंटरपुढे उभा राहायचा आणि वऱ्हाडीत सामान मागायचा. उत्तम झाली. धामणगावची एक नववी शिकलेली बाई निवडली गेली, अजूनही टिकून आहे. खुशालराव येईल त्याला ही पद्धत कौतुकाने दाखवतात.

अलीझाला निखतने तेव्हाही फोन केला होता. "तुमची परीक्षा तुमालेच लखलाभ, बाई," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिने सख्ख्या बहिणीला 'तुमी' म्हटलं होतं.