शाकारणीच्या सदरातले पैसे

बायको जाऊन दोन वर्षं झाली. घरात आता बोलायला कोणी नाही, म्हणून लिहितो. शिकलोय चौथीपर्यंत; जसं येईल तसं.

आम्ही पोलादपूरला राहायचो. मी यष्टीनं रोज महाडला, एका शिक्षण संस्थेच्या कचेरीत शिपाई. संस्थेचं वसतिगृह पोलादपूरला. मुलं वाढली म्हणून बायकोला तिथं जादा स्वयंपाकीण घेतलं. घेतलं खरं, पण अंदाजपत्रकात तिची तरतूदच नव्हती. जानेवारीअखेर पगाराच्या सदरातले पैसे संपले. पुढचे दोन महिने ती चुलीपुढं, हातात दमडी नाही. मार्चअखेरच्या आत दुसऱ्या सदरातून पैसे वळवले नाहीत तर कामच बंद, असं कानावर आलं. माझी झोप उडाली.

मोठ्या कारकुनांनी टिपणी केली. कुठल्या सदरातून घ्यायचे, तिथं का उरले, इथं का कमी पडले, एकूण खर्च वाढत नाही. चालू खर्चातली अशी अदलाबदल संस्थेच्या चिटणिसांच्या सहीनं होई. टिपणी मीच त्यांच्याकडं आत नेली. नेताना वाचली. ‘वसतिगृहाची शाकारणी : यंदा खर्च होणार नाही.’ शाकारणी म्हणजे छपराची कौलं बदलणं.

पण वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सांगण्यावरून कुंभाराला कौलं मीच सांगून आलो होतो. त्याची भट्टीसुद्धा लागली होती. कौलं अशी तोंडीच सांगायची, त्याला कागद कुठला? फायलीत काही नाही, म्हणून कारकुनांना पैसे उरलेले दिसले.

चिटणिसांनी टाक बुडवला. गप्प राहिलो असतो तर पगार होत होता.

“साहेब, ते पैसे उरलेले नाय. कौलं सांगितलीत.”

“लेखी कुठंय?”

“लेखी नाय. मीच सांगून आलोय.”

कारकून दारातूनच ओरडले, “अरे, तुझ्याच बायकोचा पगार आहे हा! डोकं घरी ठेवून आलास काय?”

“मग नव्या बाकांसाठी ठेवलेत, ते घ्या की.”

“बाकं भांडवली खर्चात. कमिटीच्या ठरावाशिवाय हलत नाहीत, आणि सभा एप्रिलात.”

चिटणिसांनी टाक खाली ठेवला. मग कारकुनांना म्हणाले, “माझ्या प्रवासखर्चात काय आहे?”

“एका महिन्याच्या पगारापुरतं, साहेब.”

“मग मुंबईची खेप रद्द. नवी टिपणी आणा. मार्चचा पगार एप्रिलात कमिटीपुढं ठेवू.” माझ्याकडं बघून म्हणाले, “तोवर थांबेल का रे ती?”

मी म्हटलं, थांबेल.

घरी सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबले.

“मला इचारून बोललात?”

“येळ कुठं व्हता गो?”

“आनि थांबेन म्हनून पन तुमीच सांगून आलात.”

“मग काय सांगू त्यांना?”

“आता मला कशाला इचारता?”

पहाटे जाग आली तेव्हा ती पदर खोचून वसतिगृहाकडं निघाली होती.