माताजी, कुणाला सांगू नका

प्रभुदासला खलनायक फार प्रिय. केडगावच्या चर्चमध्ये नाताळचं नाटक तो वीस वर्षं लिहून बसवत होता आणि दर वर्षी बाळ येशूपेक्षा हेरोद राजालाच जास्त वाक्यं मिळत. पाळकसाहेब म्हणायचे, "प्रभुदास, जरा आवरा." प्रभुदास एखादं वाक्य कापायचा आणि दोन वाढवायचा. पोटापाण्याला यवतच्या बँकेत काउंटरवर बसायचा, पण बँकेतली नोकरी कारकुनाची आणि मन मात्र नाटकवाल्याचं, असा एकूण मामला होता.

म्हणूनच धनश्री मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. मॅडम शाखेच्या मॅनेजर. साल २००९. त्या महिन्यात दोन पेन्शनर फसले होते. लॉटरी लागली म्हणून मोबाइलवर फोन येतो आणि बक्षिसाआधी फी भरा म्हणून सांगतात. म्हातारी माणसं बँकेच्याच खिडकीवर येऊन कुणा परक्याच्या खात्यात स्वतःच्या हातानं पैसे भरून जातात.

"तुम्ही नाटकं लिहिता ना? मग दहा मिनिटांची फिल्म लिहून द्या," मॅडम म्हणाल्या. "फोन कसा येतो, मग काय होतं, पायरीपायरीनं दिसलं पाहिजे. पेन्शनच्या दिवशी शाखेत टीव्हीवर लावू."

प्रभुदास हरखला. तीन रविवार खपून त्यानं फिल्म लिहिली. तिच्यात फोनवरचा भामटा एखाद्या दरोडेखोराला लाजवील असा गरजत होता. "ए म्हातारे! उद्याच्या उद्या पैसे भर, नाहीतर बक्षीस गेलं म्हणून समज!" एवढं झाल्यावर तो विकट हसायचासुद्धा. एकच गोष्ट अडली होती. म्हातारी घरात कुणालाच का सांगत नाही, हे काही केल्या त्याला जमेना. शेवटी त्यानं म्हातारीला एकटी करून टाकली आणि मुलाला सुरतेला धाडला.

गुरुवारी संध्याकाळी वही घेऊन तो एलिझाबेथताईकडे गेला. ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून सारी हयात काढलेली, बिनलग्नाची आणि दोन घरं सोडून राहणारी. त्याच्या प्रत्येक नाटकाची पहिली श्रोती तीच आणि दर वेळी तिचा शेरा एकच, "लांबलंय." ओसरीवर तिनं चहा दिला आणि त्यानं सगळे आवाज काढत फिल्म वाचून दाखवली. विकट हास्यही केलं.

ताई लांबलंय म्हणाली नाही. कप खाली ठेवून म्हणाली, "ते असं बोलत नाहीत."

"कोण?"

"फोनवरचे. असं खेकसल्यावर कोण भरेल पैसे? ते फार गोड बोलतात. हिंदीत. माताजी म्हणतात."

प्रभुदासनं वही उघडली. ही खरी श्रोती! "सांग, सांग. सुरुवातीला काय म्हणतात?"

"सुरुवातीला लॉटरीचं नावच काढत नाहीत. तुम्ही अमुक कंपनीचं सिम कार्ड वापरता ना, विचारतात. मग म्हणतात, फोन उघडा, कार्ड बाहेर काढा आणि त्याच्या पाठीमागचा लांबलचक नंबर वाचून दाखवा. आपण एकेक आकडा वाचायचा. मग ते खूश होऊन म्हणतात, माताजी, मुबारक हो, नंबर जुळला! आपणच वाचलेला नंबर, पण वाटतं की त्यांच्याकडं आधीपासून होता."

प्रभुदास भराभर लिहीत होता. त्याला वाटलं, ताईत ही कल्पनाशक्ती कुठं दडून बसली होती इतकी वर्षं?

"पंचवीस लाख. मग दुसरा माणूस येतो, मोठा साहेब. तो इंग्रजी बोलतो. आपलं नाव, वय, गाव लिहून घेतो आणि आपल्याला एक नोंदणी नंबर देतो. तो वहीत लिहून ठेवायला सांगतो. फोन येतो तो नंबर आपल्या नंबरांसारखा नसतो, पुढं अधिकचं चिन्ह आणि मग ब्याण्णव. पैशांचं दोन दिवसांनी काढतात. आधी फक्त साडेआठ हजार, नोंदणी फी. खातेनंबर देतात आणि खात्याचं नावही. भरून झालं की पावतीवरचा नंबर फोनवर वाचून दाखवायचा."

"आणि रोज फोन?"

"रोज सकाळी. बीपीची गोळी घेतली का म्हणून विचारतात."

"वा!" प्रभुदास म्हणाला. "पण ताई, माझं अडलंय ते वेगळंच. ती म्हातारी गप्प का बसते?"

"कारण ते सांगतात, माताजी, कुणाला सांगू नका. कळलं तर दुसरा कुणी तुमच्या नंबरावर दावा लावेल, बँकवाले हिस्सा मागतील." मग हळू म्हणाली, "आणि तिला ते पटतं. चर्चमध्ये हंगामाच्या सणाला आपण दानाचं पाकीट टाकतो, त्यावर नाव लिहितो का आपण? बक्षिसातून मिशनच्या आश्रमातल्या मुलींना दहा शिलाई मशिनी द्यायच्या, कुणी दिल्या ते कळूही द्यायचं नाही, असं तिच्या मनात असतं. चांगलं काम गुपचूप करायचं, ही सवयच तिची. त्यात गुपचूप राहा म्हणून कुणी सांगितलं, तर तिला त्यात वावगं काय वाटणार? म्हणून ती पैसे यवतला भरत नाही. शटल गाडीनं दौंडला जाते आणि तिथल्या शाखेत भरते. यवतला तिचा भाऊ काउंटरवर बसतो ना."

प्रभुदासचं पेन थांबलं.

ताई पदराशी चाळा करत बसली होती.

"किती भरलेस?"

"साडेआठ. उद्या पंचेचाळीस भरायचेत. टॅक्सचे. सकाळी एफडी मोडायला जाणार होते."

त्यावर प्रभुदास ओरडला. काय ओरडला ते सगळं लिहिण्यात अर्थ नाही. नर्स असून, शिकलेली असून, सख्खा भाऊ बँकेत असून, असं सगळं त्यात होतं. फोनवरच्या भामट्याला दिली नव्हती इतकी कडक वाक्यं त्यानं बहिणीला ऐकवली. ताई रडायला लागली तसा तो गप्प झाला. मग त्याला उमगलं, की पंचेचाळीस हजार अजून जागेवर आहेत. तिच्या आयुष्याची सगळी पुंजी जागेवर आहे. त्याला इतकं हायसं वाटलं, की तो तिच्या शेजारी बसून स्वतःच डोळे पुसू लागला.

सकाळी दोघं एफडी मोडायला नव्हे, तर तक्रार द्यायला दौंडला गेली. पैसे भरले त्याच दिवशी ते दूर कुठल्यातरी गावच्या एटीएममधून काढून घेतले होते, म्हणजे साडेआठ हजारांवर पाणी सोडावं लागलं. पण शाखेनं ते खातं बंद करायला वर कळवलं, पोलिसांनी पावतीची झेरॉक्स घेतली. चौकीच्या दारातच ताईचा फोन वाजला.

"माताजी, दवाई ली?"

प्रभुदास फोन ओढून घ्यायला धावला. ताईनं त्याला हातानं थांबवलं.

"बेटा," ती म्हणाली, "मैंने मेरे भाई को बता दिया."

फोन कट झाला.

"पंधरा दिवस रोज विचारायचा रे," ती म्हणाली. "बरं, जातो म्हणूनसुद्धा म्हणाला नाही." आणि तिला एकदम हसू फुटलं. दौंड स्टेशनवर येईपर्यंत दोघं हसत होती.

फिल्म नव्यानं लिहिली गेली. गरजणारा भामटा गेला, गोड बोलणारा आला. सिम कार्ड आलं, मोठा साहेब आला, पावतीचा नंबर आला. म्हातारीला मुलगा-सून मिळाली, आणि तरी ती गप्प राहिली. शेवटी पडद्यावर मोठ्या अक्षरांत येणार होतं, बक्षीस देणारा आधी पैसे मागत नाही; फोन आला तर पहिल्यांदा घरात सांगा, मग बँकेत. ताईची अट एकच होती, तिचं नाव कुठंही येता कामा नये. यवतच्या लग्नाच्या शूटिंगवाल्यानं दोन दिवसांत फिल्म काढून सीडी आणून दिली.

दोन तारखेला शाखा पेन्शनरांनी भरली. खिडकी उघडायच्या आधी फिल्म, असं मॅडमनी ठरवलं होतं. प्रभुदासची नुसती धांदल चालली होती. टीव्हीची वायर पोचेना, खुर्च्या पुरेनात, त्यात नेहमीप्रमाणे पाचसात जण स्लिप भरून घ्यायला त्याच्याभोवती उभे. एका हातात वायर धरून त्यानं दुसऱ्या हातानं त्यांच्या स्लिपा भरल्या. मग फिल्म सुरू झाली.

माणसं रंगून बघत होती. म्हातारीनं चौथ्यांदा गुपचूप फोन घेतला तसं मागून कुणीतरी म्हणालं, "एवढं खुळं कोण असतंय का?" सगळी शाखा हसली. प्रभुदासनं पहिल्या रांगेतल्या ताईकडे बघितलं. फिल्मला हसू मिळालं म्हणून खूश व्हायचं त्याला सुचलंच नाही.

फिल्म संपली. ताई उठून उभी राहिली, पदर नीट केला.

"असतं," ती म्हणाली. "ती बाई मी आहे. केडगावच्या दवाखान्यात तुमच्यातल्या कितीकांना मी इंजेक्शनं दिलीत, माझं तोंड ओळखता तुम्ही. साडेआठ हजार गेले माझे. आणखी पंचेचाळीस जाणार होते. भावाला सांगितलं म्हणून राहिले."

कुणी हसलं नाही. मग रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झालेले हौशीराम आबा काठीवर जोर देत उठले आणि प्रभुदासपाशी आले. आबांना सही आणि आकडे, एवढंच लिहिता यायचं.

"भाऊ," ते खालच्या आवाजात म्हणाले, "मलाबी असाच फोन येतोय. सिमचा नंबर वाचून घेतलाय त्येनी. आन् आज भराया सांगितलंय. मी घरात कुणाला बोललो न्हाई. आता काय करू?"

त्यांनी बंडीच्या खिशातून घडी घातलेली स्लिप काढली, तिच्यात नोटा होत्या. प्रभुदासनं स्लिप उलगडली. परक्या माणसाचं नाव, खातेनंबर, रक्कम आकड्यात आणि अक्षरी. सगळं सुवाच्य, वळणदार, शाळेत बक्षीस मिळालेल्या अक्षरात लिहिलेलं.

अर्ध्या तासापूर्वी, हातात वायर धरून, त्यानंच ती भरली होती. हा माणूस तुमचा कोण, एवढं त्यानं विचारलं नव्हतं.

त्यानं नोटा आबांच्या खिशात परत कोंबल्या आणि स्लिप मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली. "मॅडम, ह्या खात्याची ताबडतोब वर तक्रार करा," तो म्हणाला. "आणि फिल्ममध्ये एक पात्र राहिलंय. काउंटरवरचा कारकून."

"काय करतो तो?"

"काहीच विचारत नाही," प्रभुदास म्हणाला, आणि बाहेर येऊन आबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसला.