घोंगडीतला बर्फ

विज्ञानाच्या बाई नऊ वर्षं कंत्राटावर होत्या. त्यांचं पेज मात्र गाजलेलं. रोज एक गैरसमज, दोन पर्याय, चोवीस तास मतदान आणि दुसऱ्या दिवशी उत्तर. लाकडी खुर्चीपेक्षा लोखंडी खुर्ची जास्त थंड असते का, या प्रश्नावर तर लोक हमरीतुमरीवर आले होते. एकाच खोलीतल्या दोन्ही खुर्च्यांचं तापमान सारखंच असतं, लोखंड हातातली उष्णता भराभर ओढून घेतं एवढंच, हे वाचून कित्येकांची तोंडं बंद झाली.

त्या शुक्रवारी प्रश्न होता बर्फाचा. एकाच खोलीत दोन सारख्या लाद्या. एक उघडी, एक जाड घोंगडीत गुंडाळलेली. आधी कोणती वितळेल?

बहात्तर टक्के लोकांनी घोंगडीतली निवडली. त्यात मुख्याध्यापकही होते. नुसतं मत देऊन गप्प बसतील तर ते मुख्याध्यापक कसले? खाली त्यांनी लिहिलं, "घोंगडी ऊब देते. साधी अक्कल वापरा." शाळेतल्या झाडून साऱ्या शिक्षकांनी त्यावर अंगठे उमटवले. मत कोणी काय दिलं ते बाईंना दिसायचं. उघड्या लादीच्या बाजूला त्यांच्या वडिलांचं नाव होतं. अप्पांनी जन्मभर बर्फ विकला होता. पेजवर त्यांनी पहिल्यांदाच बोट लावलं होतं.

शनिवारी मुख्याध्यापकांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं.

"कायम करायच्या नावांची यादी सोमवारी जाते," ते म्हणाले. "तुमचं नाव आहे. आणि ते बर्फाचं उत्तर जरा सांभाळून लिहा. पालकही वाचतात."

बाईंचं उत्तर लिहून तयार होतं: घोंगडी स्वतः ऊब देत नाही, ती उष्णतेची वाट अडवते. आत माणूस असला तर त्याची उष्णता बाहेर जात नाही, बर्फ असला तर बाहेरची आत येत नाही. त्यांनी ते पुसलं. लिहिलं, "परिस्थितीनुसार दोन्ही उत्तरं बरोबर." लिहिताना त्यांना स्वतःची किळस आली, पण नऊ वर्षांनी माणूस किळसही गिळायला शिकतो. मुख्याध्यापकांनी लगेच बदाम पाठवला.

संध्याकाळी अप्पांचा फोन आला.

"मी चुकीचं बटण दाबलं का गं?"

"नाही अप्पा. दोन्ही बरोबर आहेत."

"दोन्ही कसं असेल?" अप्पा भांडत नव्हते, खरंच विचारत होते. "मी लादीला गोणपाट गुंडाळायचो, वर भुसा घालायचो. म्हणून दुपारपर्यंत टिकायची. का उगीच करत होतो मी ते?"

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू शिकलेली आहेस, तुला जास्त कळतं," अप्पा म्हणाले. "माझं मत काढून टाकता येतं का बघ. चारचौघांत तुला खाली बघायला नको."

सोमवारी यादी गेली. बाईंचं नाव तिसरं होतं.