एल्बियोला पुढे चाल

छोट्या गोळीच्या जवळात जवळ आपला गोळा टाकायचा, हा आमच्या क्लबाचा खेळ. स्पर्धेचा तक्ता दरवर्षी एल्बियोच आखतो.

यंदा जोड्या अकरा. तक्ता सोळांचा आखावा लागतो, म्हणून पाच जोड्यांना पहिल्या फेरीत पुढे चाल द्यायची, म्हणजे त्या न खेळताच दुसऱ्या फेरीत. उरलेल्या सहा जोड्या तीन सामने खेळल्या, की दुसऱ्या फेरीत बरोबर आठ राहतात. पुढे चाल गेल्या वर्षीच्या पहिल्या पाचांना. पहिले आले होते एल्बियो आणि ओसीरिस. ओसीरिस मार्चमध्ये गेला. त्याच्या जागी आता त्याचा मेहुणा वाल्तेर खेळतो, पण क्रमांक एल्बियोकडेच राहिला.

"म्हाताऱ्या, तू पहिल्याच फेरीत खेळ," आमची सचिव नेल्ली म्हणाली. "सकाळभर एकटा बसून काय करशील?"

"मग माझी पुढे चाल कुणाला?"

"सहाव्या नंबरला. रुबेनला."

"रुबेननं ती कुठे मिळवलीय?"

"नाही मिळवली. पण तो नको म्हणायचा नाही."

एल्बियो हसला नाही. त्यानं स्वतःचं नाव सगळ्यात वर लिहिलं, दुसऱ्या क्रमांकाचं सगळ्यात खाली, म्हणजे दोघांची गाठ अंतिम सामन्यातच पडेल. वरच्या अर्ध्यात तीन पुढे चाली, खालच्यात दोन.

शनिवारी तिन्ही सामने रंगले. एल्बियो नेहमीच्या बाकावर बसला होता. त्यानं 'माते' या कडू चहाच्या पोकळ भोपळ्यात गरम पाणी ओतलं आणि तो सवयीनं डावीकडे, ओसीरिस बसायचा तिकडे, पुढे केला. हात थोडा वेळ तसाच राहिला. मी जुना नट, रंगमंचावर शोकाचे कितीतरी प्रसंग केले, पण त्या हाताइतका स्थिर कधी झालो नाही.

मग त्यानं ते माते स्वतःच पिऊन टाकलं.